टँकरचं पाणी कोणत्या गल्लीला कधी, किती आणि का: सर्व सभासदांसाठी खुलासा

सर्व सभासद बंधू-भगिनींना नमस्कार.

गेल्या सोमवारी पहाटे पाच नंबर गल्लीतल्या काकू हौदाजवळ आल्या. झाकण उघडं होतं आणि आत पाणी दिसत होतं. त्यांनी पाणी सोडणाऱ्या मामांना विचारलं, "आज आमची पाळी ना? मग हौदात पाणी असून सोडत का नाही?" मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी तिथे उभ्याउभ्या जे सांगितलं त्याने काकूंचं समाधान झालं नाही, आणि तो दोष माझा आहे. घाईत सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. त्या दिवसापासून हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत निदान पंधरा घरांतून आला आहे, म्हणून सचिव या नात्याने हा सविस्तर खुलासा करतो आहे.

आपल्या लातूरला पाणीटंचाई कुणी नव्याने सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा पहिल्या गाडीला १० वॅगन होत्या आणि त्यांत मिळून ५ लाख लिटर पाणी होतं. तेवढं पाणी म्हणजे आपल्या हौदावर येणारे ५० टँकर. आपल्याला मात्र रोज दोनच टँकर मिळतात. नळाचं पाणी येतं त्या दिवसाची गोष्ट वेगळी, मधल्या दिवसांत या दोन टँकरांवरच ८४ घरं चालतात. तेव्हा ते कसं वाटलं जातं हे प्रत्येक घराला कळलंच पाहिजे.

## आधी माप: टँकर, पट्टी आणि माणसं

एका टँकरमध्ये १०,००० लिटर पाणी येतं. आपला जमिनीखालचा हौद आतून ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ २० चौरस मीटर. म्हणून हौदात पाणी एक सेंटीमीटर चढलं की ते बरोबर २०० लिटर भरतं, आणि पूर्ण टँकर रिकामा झाला की पाणी ५० सेंटीमीटर चढायला हवं. हौदाच्या भिंतीवर आकडे रंगवले आहेत, त्याला यापुढे 'पट्टी' म्हणतो. पट्टीवरचा शून्य तळापासून ३० सेंटीमीटर वर आहे. त्याखालचं पाणी आपण घेत नाही, कारण तिथे गाळ बसतो आणि मोटर हवा ओढायला लागते. झाकण उघडून बघणाऱ्याला पट्टी शून्यावर असतानाही पाणी दिसतं, ते हे पाणी.

टँकर आला की आधी मोटर बंद करून पट्टी वाचायची, टँकर रिकामा झाल्यावर दहा मिनिटं पाणी स्थिर होऊ द्यायचं, मग पुन्हा वाचायची. मोटर चालू ठेवून मोजलं तर एकीकडून येतंय आणि दुसरीकडून जातंय, आकडा खोटाच येतो. मागच्या महिन्यात एक टँकर ५० ऐवजी ४६ भरला. म्हणजे आलं ९,२०० लिटर. चिठ्ठीवर तेवढंच लिहून घेतलं आणि पैसेही तेवढ्याचेच दिले. टँकरच्या पाठीवर काय रंगवलंय ते आपण धरत नाही, पट्टी काय म्हणते ते धरतो.

आता माणसं. सहा गल्ल्यांत मिळून ३६० माणसं राहतात. रोजचं २०,००० लिटर भागिले ३६० केलं की माणशी साधारण ५५ लिटर येतं. शहरात भुयारी गटार असेल तिथे माणशी रोज १३५ लिटर हा मापदंड धरतात, आणि टंचाईत खेड्यांना टँकरने पाणी देताना माणशी २० लिटर धरतात. आपण या दोन्हींच्या मध्ये आहोत. स्वयंपाक, पिणं, अंघोळ आणि संडास यांना पुरेल, पण अंगण धुवायला आणि गाडीवर पाइप मारायला पुरणार नाही.

## रोज सगळ्यांना थोडं थोडं का देत नाही?

हा प्रश्न सर्वात जास्त विचारला जातो. वरवर पाहता तेच न्यायाचं वाटतं. ८४ घरं, २०,००० लिटर, प्रत्येकाला रोज २३८ लिटर, मग रांग कशाला?

पिठाच्या गिरणीचं उदाहरण घ्या. गिरणीवाला गव्हाचा एक डबा, मग ज्वारीचा एक डबा, मग परत गहू असं कधी करत नाही. दर वेळी धान्य बदललं की आधीच्या धान्याचं पीठ जात्यात अडकलेलं असतं, ते पुढच्याच्या डब्यात जातं, आणि भेसळ होते ती निराळीच. म्हणून तो सगळा गहू एकदम काढतो आणि मग ज्वारी घालतो. पाण्याच्या पाइपचंही असंच आहे. हौदापासून गल्ल्यांच्या तोंडापर्यंत चार इंची मोठा पाइप सुमारे १५० मीटर गेला आहे. तो भरायलाच जवळजवळ १,२०० लिटर लागतात. प्रत्येक गल्लीतला अडीच इंची पाइप साधारण १०० मीटरचा, त्यात ३०० लिटरच्या आसपास मावतं. हे भरल्याशिवाय कुणाच्याही नळाला धार लागत नाही.

पाइपमधलं पाणी वाया जात नाही, हे मात्र लक्षात घ्या. मोटर बंद झाली की ते उतारावरच्या घरांकडे हळूहळू ओघळतं. सहाही गल्ल्यांचे व्हॉल्व्ह रोज उघडले तर सहा पाइपमधलं मिळून १,८०० लिटर पाणी रोज सखल घरांच्या हौदात आपोआप उतरेल आणि चढावरच्या घरांना त्याचा थेंबही मिळणार नाही. मोठ्या पाइपमधलंही उघड्या व्हॉल्व्हमधून तिकडेच जाईल. कुणी चोरी केली नाही, कुणी पक्षपात केला नाही, तरी रोज तेच लोक मागे राहतील.

दुसरं कारण दाबाचं. आपली मोटर मिनिटाला सुमारे २०० लिटर पाणी फेकते. ८४ नळ एकदम उघडले तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला अडीच लिटरही येत नाही. तेवढी धार गच्चीवरच्या टाकीपर्यंत चढत नाही. प्रत्यक्षात तर ती सारखी वाटलीही जात नाही. हौदाजवळच्या घरांना जोरात मिळतं आणि टोकाच्या घरात नळ नुसता फुसफुसतो. त्याच मोटरवर एकट्या चार नंबर गल्लीतले २० नळ उघडले तर प्रत्येकाला मिनिटाला १० लिटर मिळतं. म्हणून एका वेळी एकच गल्ली.

एक गल्ली चालू असताना बाकीचे पाच व्हॉल्व्ह घट्ट बंद असतात, त्यामुळे मोठा पाइप भरलेलाच राहतो. मग फक्त त्या गल्लीचा पाइप भरायचा उरतो, तो दीड-दोन मिनिटांत भरतो. पाळी संपल्यावर त्यातलं पाणी त्याच गल्लीतल्या घरांत उतरतं, म्हणजे ते त्यांच्याच हिश्श्यातलं असतं.

यावरून घरबसल्या एक तपासणी करता येते. तुमच्या पाळीला नळातून दोन-तीन मिनिटं हवा आली तर ठीक आहे. पाच मिनिटं किंवा त्याहून जास्त नुसती हवा येत राहिली, तर आधीच्या रात्रीत मोठा पाइपही रिकामा झाला आहे आणि कुठल्या तरी गल्लीचा व्हॉल्व्ह नीट बसलेला नाही असं समजा. लगेच कळवा. मार्चमध्ये दोन नंबरच्या आजोबांनी असंच घड्याळ लावून सात मिनिटं हवा मोजली आणि सांगितली. एक नंबरच्या व्हॉल्व्हचं रबर गेलेलं त्यामुळे सापडलं.

## कोणत्या गल्लीला किती?

टँकर दोन आणि गल्ल्या सहा, म्हणून प्रत्येक गल्लीला तीन दिवसांत एक टँकर, इतकं ते सोपं नाही. सुरुवातीला आपण तसंच केलं होतं आणि ते चुकीचं होतं. पाच नंबरमध्ये ३६ माणसं आहेत, चार नंबरमध्ये ८४. दोघांना सारखा टँकर दिला तर पाच नंबरच्या माणसाला चार नंबरच्या माणसाच्या दुपटीहून जास्त पाणी मिळतं.

म्हणून आता वाटा माणसांवर ठरतो आणि पट्टीवर मोजला जातो. तीन दिवसांच्या एका फेरीत सहा टँकर येतात, म्हणजे पट्टीवर ३०० सेंटीमीटर. ३६० माणसांत वाटले की १२ माणसांमागे १० सेंटीमीटर येतात. हा एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुरे. एक नंबरमध्ये ४८ माणसं, त्यांचे ४० सेंटीमीटर. दोन नंबर आणि सहा नंबर दोन्हींत साठ-साठ माणसं, त्यांचे ५०-५०. तीन नंबरमध्ये ७२, त्यांचे ६०. चार नंबरचे ७० आणि पाच नंबरचे ३०. बेरीज ३०० होते, ज्याला पडताळायची आहे त्याने करून बघावी.

गल्ल्यांचा क्रम चार, पाच, एक, तीन, दोन, सहा असा आहे. हा क्रम कुणाच्या मानपानावरून ठरलेला नाही. चार आणि पाच मिळून १०० होतात, एक आणि तीन मिळून १००, दोन आणि सहा मिळूनही १००. म्हणजे दोन्ही टँकर वेळेवर आले की रोज दोन गल्ल्यांची पूर्ण पाळी होते आणि हौदात काही अडकून राहत नाही.

चार माणसांच्या घराला एका पाळीत साधारण ६६५ लिटर येतं आणि ते तीन दिवस पुरवायचं असतं. इथे एक अडचण आहे. पुष्कळ घरांत ५०० लिटरचीच टाकी आहे. ती भरली की बॉल कॉक बंद होतो आणि उरलेलं पाणी शेजाऱ्याकडे जातं. त्यात शेजाऱ्याचा काही दोष नाही. ज्यांची टाकी ५०० ची आहे त्यांनी २०० लिटरचं एक बॅरल झाकणासकट ठेवावं, म्हणजे आपला वाटा पूर्ण घेता येईल.

## मिनिटांवर का मोजत नाही?

कारण मिनिटं फसवतात. लाइट चांगली असेल तेव्हा मोटर मिनिटाला २०० लिटर देते, पण व्होल्टेज पडलं की तीच मोटर तेवढ्या वेळात कितीतरी कमी पाणी चढवते. सकाळी सगळीकडे गिझर आणि मोटरी चालू असताना ज्या गल्लीची पाळी येते तिचं घड्याळ तेवढंच चालतं पण हौद कमी उतरतो. पट्टीवर मोजलं तर तो प्रश्नच राहत नाही. लाइट गेली तर मोटर थांबते आणि पट्टीही थांबते. लाइट आली की तिथून पुढे. मामा पाळी सुरू करताना आणि संपवताना पट्टीचा आकडा वहीत लिहितात आणि त्या गल्लीतला कुणीतरी एक जण शेजारी सही करतो. सहीला कुणी आलं नाही तरी पाणी सुटतं, पण मग नंतर आकड्यावर वाद घालू नये ही विनंती.

## सोमवारी हौदात पाणी असून का सोडलं नाही?

आता काकूंच्या प्रश्नाकडे येतो.

रविवारी रात्री एकच टँकर आला. सोमवारी पहाटे पट्टी ५० वर होती. रांगेत पहिली चार नंबर, तिला ७० लागतात. तिच्यामागे पाच नंबर, तिला ३०. काकूंचं म्हणणं असं की, "आमचे तीसच आहेत, पन्नासमधून सहज निघतात, मग आम्हाला तरी द्या."

पुन्हा गिरणीत या. तुम्ही दहा किलोचा डबा घेऊन रांगेत बसला आहात. कुणी तरी येतं आणि म्हणतं, "दादा, माझे दोनच किलो आहेत, पटकन काढून घेतो." तुम्ही हो म्हणता. मग दुसरं कुणी, मग तिसरं. प्रत्येकाचं म्हणणं खरं असतं, प्रत्येकाचे दोनच किलो असतात. संध्याकाळी गिरणी बंद होते तेव्हा तुमचा डबा तसाच असतो. लहान पाळीला मोठ्या पाळीच्या पुढे जाऊ दिलं की नेमकं हेच होतं. पाणी कमी असेल त्या प्रत्येक दिवशी तीस-चाळीस सेंटीमीटरवाल्या गल्ल्या पुढे सरकतील आणि चार नंबरच्या ८४ माणसांना सगळ्यात जास्त दिवस थांबावं लागेल. म्हणून रांग मोडायची नाही.

मग चार नंबरला ५० तरी का दिले नाहीत? कारण मोटर ७० वर न थांबता ५० वर थांबली तर जे वीस सेंटीमीटर राहतात ते ज्यांच्या टाक्या भरायच्या राहिल्या त्या घरांचे असतात. दुसऱ्या दिवशी उरलेले वीस सोडले तरी ते पुन्हा सगळ्यांच्या नळांतून येतात, ज्यांचं राहिलं त्यांची भरपाई होत नाही. म्हणून पूर्ण पाळीचं पाणी जमल्याशिवाय ती सुरू करायची नाही, हा दुसरा नियम.

पुढे काय झालं ते वहीत आहे. सोमवारी रात्री दोन्ही टँकर आले, मंगळवारी पहाटे पट्टी १५० वर. चार नंबरचे ७० गेले, पाच नंबरचे ३०, आणि उरलेल्या ५० मधून एक नंबरचे ४० सुद्धा गेले. राहिले १०. बुधवारी ११० झाले, त्यातून तीन नंबरचे ६० आणि दोन नंबरचे ५०. गुरुवारी १००, सहा नंबरला ५० दिले, आणि चार नंबरला ७० लागत असल्यामुळे ५० तसेच ठेवले. शुक्रवारी १५० झाले आणि चार नंबरची नवी पाळी सुरू झाली.

कुणाचाही एक सेंटीमीटर कापला गेला नाही. कमी पडलेल्या एका टँकरमुळे पाळी पुढे सरकली, बुडाली नाही.

## एक आणि दोन नंबरला उशीर झाला नाही, हे कसं?

हाही प्रश्न आला आणि तो रास्त आहे. वरचा हिशोब नीट पाहिला तर चार, पाच, तीन आणि सहा नंबरला एकेक दिवस उशीर झाला, एक आणि दोन नंबरला ठरल्याच दिवशी पाणी मिळालं. हे मुद्दाम केलेलं नाही. एक टँकर म्हणजे अर्ध्या दिवसाचं पाणी, आणि उशीर मात्र पूर्ण दिवसाच्या हिशोबात दिसतो, कारण आपण पहाटेच पाणी सोडतो. पुढे जेव्हा दुसरा एक टँकर चुकेल तेव्हा त्याची झळ एक आणि दोन नंबरला लागेल आणि तिथे सगळ्या सहा गल्ल्या एकेक दिवस मागे जाऊन पुन्हा सारख्या होतील. वही मांडून बसून दाखवायला मी तयार आहे.

प्रत्येक घराने मात्र आपलं पाणी तीन नव्हे, चार दिवस पुरेल अशा बेताने वापरावं. तीन दिवसांचा वाटा चार दिवस ताणला तर माणशी ४१ लिटर पडतं. तेवढ्यात भागतं, आणि पाळी वेळेवर आली तर शिल्लक राहतं.

## मग वार ठरवून का देत नाही? मंगळवार आमचा, बुधवार त्यांचा

वार ठरलेला असला की लक्षात ठेवायला सोपं, हे मान्य. मागच्या उन्हाळ्यात आपण तेच केलं होतं. तीन दिवसांची फेरी सात दिवसांच्या आठवड्यात बसत नाही, म्हणून रविवार मोकळा ठेवला होता आणि त्यावरूनच पहिलं भांडण झालं.

पण खरी अडचण वेगळी होती. आपले टँकर शहराबाहेर एका शेतातल्या बोअरवर भरतात. शेतीची थ्री फेज लाइट काही वारी दिवसा असते आणि काही वारी रात्री. ज्या वारी ती अवेळी असते किंवा मधेच जाते, त्या वारी टँकर भरायला उशीर होतो आणि दुसरी खेप चुकते. म्हणजे टँकर कुठल्याही दिवशी चुकत नाही, तो बहुतेक ठरावीक वारीच चुकतो. ज्या गल्लीचा तो वार असेल तिचं पाणी दर आठवड्याला बुडतं आणि बाकीच्यांना त्याची खबरही नसते. मागच्या वर्षी सहा नंबरला मे महिन्यात सलग नऊ दिवस टँकरचं पाणी मिळालं नव्हतं. त्या गल्लीत एका घरी बाळंतीण होती. त्यांच्या सासूबाई शेजारच्या गल्लीतून घागरीने पाणी नेताना मी पाहिल्या आणि तेव्हाच ठरवलं की पुढच्या वर्षी वार नको, रांग हवी. रांगेत चुकलेला टँकर कुणा एकाच्या अंगावर पडत नाही.

गैरसोय एवढीच की उद्या पाणी कुणाला हे आदल्या रात्रीपर्यंत पक्कं सांगता येत नाही. म्हणून रात्री अकरा वाजता हौदाजवळच्या फळ्यावर पट्टी आणि पुढच्या दोन गल्ल्यांची नावं लिहिली जातात, आणि प्रत्येक गल्लीतल्या एका घराला फोन जातो.

## गल्लीतल्या गल्लीत टोकाच्या घराचं काय?

तीन आणि चार नंबर या लांब गल्ल्या आहेत. तिथे पहिल्या घरांच्या टाक्या भरून वाहतात आणि शेवटच्या घरांना करंगळीएवढी धार, अशी तक्रार कायम होती. ज्यांची मांजरा धरणाच्या कालव्यावर शेती आहे त्यांना यावरचा उपाय माहीत आहे. कालव्याच्या पाण्याला शेजपाळी असते, म्हणजे एका चारीवरच्या शेजारशेजारच्या शेतांना ओळीने पाणी द्यायचं, आणि नीट चालवायचं तर सुरुवात शेवटच्या शेतापासून करायची. टोकाचं शेत आधी भिजलं की वरच्याला पाणी मिळणारच असतं. उलट केलं तर टोकाला ते पोचेलच याची खात्री नसते.

तसंच आता या दोन गल्ल्यांत करतो. चार नंबरचे ७० सेंटीमीटर दोन भागांत जातात. पहिले ३५ सुटतात तेव्हा पुढच्या दहा घरांनी फाटकाजवळचा कॉक बंद ठेवायचा आणि फक्त मागच्या दहा घरांनी पाणी घ्यायचं. मग मधला व्हॉल्व्ह बंद होतो आणि उरलेले ३५ पुढच्या दहा घरांना. पहिल्या ३५ सेंटीमीटरच्या वेळी पुढचा एखादा कॉक उघडा राहिला तर मागे लगेच कळतं, धार मंदावते.

आणि आता जे सांगणार आहे ते सांगताना मला वाईट वाटतं, पण सांगणं भाग आहे. काही घरं अजूनही लाइनला टुल्लू लावतात. छोटा टुल्लूसुद्धा मिनिटाला २५-३० लिटर ओढतो, म्हणजे शेजाऱ्यांच्या वाट्याचं पाणी एका घरात जातं. कळतं कसं? शेजारच्या नळाची धार तुटक होते, एकदा पाणी, एकदा हवा, आणि टुल्लू बंद झाला की लगेच सलग होते. यात नुसता वाटपाचा प्रश्न नाही. पाइपमध्ये पाणी कमी असताना मोटरने ओढलं की पाइपच्या आत ओढ तयार होते आणि सैल झालेल्या सांध्यांतून बाहेरची घाण आत येते. आपल्या गल्ल्यांत पाण्याची लाइन आणि गटार काही ठिकाणी दोन फुटांवर आहेत. टुल्लू पाणी आपल्या टाकीत खेचायला जरूर लावा, पण आधी पाणी स्वतःच्या हौदात येऊ द्या आणि तिथून वर चढवा.

याच कारणाने पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं जे पाणी येतं ते पिण्यासाठी भरू नका. ते संडासला, झाडांना वापरा. हौदात आपण क्लोरीन टाकतो आणि रोज ओटी टेस्ट करतो, म्हणजे नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते बघतो. रंग अजिबात आला नाही तर त्या पाण्यात क्लोरीन उरलेलं नाही, ते उकळूनच प्यावं. टेस्ट टोकाच्या घरातल्या नळावर करतो, हौदाजवळ नाही, कारण टोकाला रंग आला तर सगळीकडेच आहे.

## घरागणिक सारखं का नाही? मेंटेनन्स तर सगळे सारखाच देतो

मेंटेनन्स सारखा आहे, टँकरचे पैसे सारखे नाहीत. ते माणसांवरच लावले आहेत, त्यामुळे सहा माणसांचं घर दोन माणसांच्या घरापेक्षा तिप्पट पाणी घेतं आणि तिप्पट पैसे देतं. लहान मूल पूर्ण माणूस धरलं आहे. ज्याने घरात तान्हं बाळ सांभाळलं आहे त्याला याचं कारण सांगावं लागणार नाही. भाडेकरूही पूर्ण धरले आहेत. माणसांची यादी दर महिन्याच्या १ तारखेला बदलता येते. कुणी गावी गेलं, कुणी परत आलं, तर त्या आधी कळवा, कारण १२ माणसांचा फरक म्हणजे गल्लीचे १० सेंटीमीटर.

पाहुणे आले, लग्नकार्य आहे, तर त्यासाठी संस्थेच्या हौदातून जादा पाणी मिळणार नाही. वेगळा टँकर मागवावा लागेल आणि तो थेट घरच्या हौदात रिकामा करावा लागेल. याला अपवाद एकच. घरात रुग्ण असेल आणि पाळीला उशीर झाला असेल, तर पट्टीवरच्या शून्याखालच्या पाण्यातून नव्हे, तर पुढच्या गल्लीच्या परवानगीने बादलीने पाणी दिलं जाईल. आजपर्यंत कोणत्याही गल्लीने ही परवानगी नाकारलेली नाही.

आज शुक्रवार. सकाळी चार, पाच आणि एक नंबरच्या पाळ्या पूर्ण झाल्या आहेत आणि पट्टीवर १० शिल्लक आहेत. रात्री दोन्ही टँकर आले तर ११० होतील आणि उद्या पहाटे साडेपाचला तीन नंबर, त्यानंतर दोन नंबर. एकच आला तर ६० होतील आणि तेवढ्यात फक्त तीन नंबरची पाळी बसेल, दोन नंबरला रविवारी. तीन नंबरमधल्या मागच्या घरांनी दोन्हीपैकी काहीही झालं तरी सव्वापाचला तयार राहावं, पुढच्या घरांनी रात्री झोपतानाच फाटकाचा कॉक बंद करून ठेवावा.

आपला,
सचिव